अंशराशीकरणाचे सोळा लाख आणि साडेबारा टक्क्यांचा भुलावा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून पुढील महिन्यात 58व्या वर्षी नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहे. शेवटचे मूळ वेतन 80,000 रुपये आहे आणि मला जुनी पेन्शन लागू आहे. पेन्शनचे 40 टक्के अंशराशीकरण करावे की पूर्ण पेन्शन घ्यावी? मिळणाऱ्या रकमेतून बँकेतील साहेबांनी सुचवलेल्या विमा पॉलिसीचे हप्ते भरणार आहे : सात वर्षे दरवर्षी 4 लाख, मग नवव्या वर्षाअखेरपासून पंधरा वर्षे दरवर्षी 3.5 लाख, म्हणजे साडेबारा टक्के परतावा. पहिला हप्ता ठेव मोडून भरला असून पॉलिसी गेल्या आठवड्यात घरी आली. ग्रॅच्युइटी मुलीच्या लग्नासाठी ठेवली आहे. घरखर्च महिना 50,000 आहे.

उत्तर : अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग पंधरा वर्षांसाठी सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणे, करावे, परंतु त्याआधी ती पॉलिसी रद्द करावी. पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी अर्ज देऊन ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा किरकोळ खर्च वजा जाऊन उरलेला हप्ता परत मिळतो. आपला एक आठवडा गेलेला आहे. अर्ज विमा कंपनीकडे द्यावा आणि पोच घ्यावी. बँकेतील साहेबांची समजूत घालत बसू नये, कारण ते आपली समजूत घालतील.

साडेबारा टक्के हा आकडा 3.5 लाखांना एकूण 28 लाख हप्त्यांनी भागून काढलेला आहे. त्यात मधली बिनउत्पन्नाची वर्षे धरलेली नाहीत आणि मुद्दल वेगळे परत मिळत नाही, हेही धरलेले नाही. पैसे कधी जातात आणि कधी येतात हे पाहून हिशेब केला, तर परतावा जेमतेम पाच टक्के पडतो. शिवाय अंशराशीकरणातून आपल्याला मिळणाऱ्या सुमारे सोळा लाखांत पुढचे चारच हप्ते बसतात. उरलेले 8 लाख पेन्शनमधून भरायचे, तर अंशराशीकरणानंतर घरखर्चालाच अपुऱ्या पडणाऱ्या पेन्शनमधून ते निघणार कसे? हप्ते मध्येच थांबले की मिळते ते समर्पण मूल्य, आणि ते भरलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी असू शकते.

आता आपण विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. आपली मूळ पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे 40,000 रुपये. तिचे 40 टक्के, म्हणजे 16,000 रुपये, अंशराशीकृत केले तर पुढील वाढदिवशी 59 वर्षे पूर्ण होणाऱ्यास लागू असलेल्या 8.371 या गुणकाने 16,000 × 12 × 8.371, म्हणजे सुमारे 16 लाख रुपये एकरकमी आणि करमुक्त मिळतात. त्या बदल्यात पंधरा वर्षे दरमहा 16,000 रुपये कापले जातात आणि नंतर पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. कर्ज म्हणून पाहिले, तर याचा व्याजदर पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. असे पैसे उचलून पाच टक्क्यांच्या पॉलिसीत घालणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

मग अंशराशीकरण करावे असे का म्हणतो? कारण या कर्जाला एक असा गुण आहे जो बँकेच्या कर्जाला नसतो : पंधरा वर्षांच्या आत आपले काही बरेवाईट झाले, तर उरलेली वसुली होत नाही आणि पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून यापोटी एक रुपयाही कापला जात नाही. दुसरे म्हणजे महागाई वाढ कापलेल्या 24,000 वर नव्हे, तर मूळ 40,000 वरच मिळत राहते.

महागाई वाढ सोयीसाठी मूळ पेन्शनच्या निम्मी धरू. पूर्ण पेन्शन घेतल्यास महिना 60,000 मिळतात, अंशराशीकरण केल्यास 44,000. सोळा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर 8.2 टक्के दराने महिन्याला सुमारे 10,900 रुपये पडतात (व्याज दर तिमाहीला जमा होते आणि करपात्र असते). एकूण 55,000 होतात. महिना पाच हजारांच्या तुटीत सोळा लाखांचे मुद्दल आपल्या किंवा पत्नीच्या हाताशी राहते, आणि 50,000 चा खर्चही भागतो. व्याजदर पाच वर्षांपुरता पक्का असतो. त्यानंतर तो उतरला तर ही तूट वाढेल.

या योजनेसाठी साधारणपणे वय 60 लागते; 55 ते 60 दरम्यान निवृत्त झालेल्यांना मात्र निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडावे लागते, म्हणून पैसे बचत खात्यात पडून राहू देऊ नका. अंशराशीकरणाचा अर्ज पेन्शनच्या कागदांबरोबरच द्यावा. तो निवृत्तीनंतर एक वर्ष उलटून दिला, तर वैद्यकीय तपासणी लागते. रक्कम प्रत्यक्ष मिळाल्याची आणि कपात सुरू झाल्याची तारीख पत्नीला ठाऊक असलेल्या वहीत लिहून ठेवावी, कारण पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत झाली की नाही हे कोषागाराकडे विचारण्याची वेळ येऊ शकते.