हॅमिंग कोडमध्ये चुकलेला बिट नेमका कसा सापडतो?

पुण्यात सेकंड इयरला आहे, परवा ओरल आहे. ४ डेटा बिट आणि ३ पॅरिटी बिट घेतल्यावर कुठला बिट उलटला ते कसं कळतं?

उत्तर: ज्या पॅरिटी चुकतात त्यांच्या जागांचे क्रमांक मिळवा; बेरीज म्हणजेच चुकलेली जागा. पॅरिटी १, २, ४ या जागी ठेवतात, डेटा ३, ५, ६, ७ या जागी. पॅरिटी १ तपासते १, ३, ५, ७. पॅरिटी २ तपासते २, ३, ६, ७. पॅरिटी ४ तपासते ४, ५, ६, ७. प्रत्येक गटात १ ची संख्या सम हवी. अशा गटवारीमुळे प्रत्येक जागा गटांच्या वेगळ्याच जोडणीत येते.

डेटा 1011 घ्या. कोड होतो 0110011. सहावा बिट उलटला तर हाती येतं 0110001. पॅरिटी १ चा गट बरोबर, पॅरिटी २ आणि ४ चे गट चुकीचे: २ + ४ = ६. सहावा बिट उलटा करा, झालं. (पॅरिटी शेवटी एकत्र लिहिल्या तर ही बेरीज थेट जागा देत नाही, ओरलला इथेच गडबड होते.)

मात्र दोन बिट उलटले तर फसगत होते. ५ आणि ६ दोन्ही बिघडले तर उत्तर ३ येतं आणि चांगला बिट बिघडवला जातो. त्यासाठी आठव्या जागी सगळ्यांचा मिळून एक पॅरिटी बिट जोडतात: तो बरोबर पण बेरीज शून्य नाही, तर दुरुस्ती न करता डेटा पुन्हा मागवायचा.