एकाच प्रबंधाच्या क्रमाने साहित्याचा आढावा

"माझ्या विषयावरचा एक चांगला पीएचडी प्रबंध मिळालाय. त्याच्याच क्रमाने, पण माझ्या शब्दांत साहित्याचा आढावा लिहिला तर चालेल का? सिमिलॅरिटी दहा टक्क्यांच्या आतच येईल."

नाही चालणार. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द पकडतं. कोणत्या लेखकाला कोणासमोर उभं करायचं हा विचार उचलला, तर ते त्याला कळत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली दहा टक्क्यांची सवलत म्हणजे मांडणी उचलायचा परवाना नव्हे.

एमफिलला माझा विषय होता मुंबईतला १९८२ चा गिरणी संप. गाईडबाईंनी एक जुना प्रबंध हातात ठेवला. "दुसरं प्रकरण बघ, त्याच साच्यात बसव." त्यात सगळा भर १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अ‍ॅक्टवर होता. त्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनकडे होता, त्यामुळे संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार असूनही मालकांवर त्यांच्याशी बोलायची सक्ती नव्हती. हे खरंच आहे. पण त्याच साच्यात लिहिलं असतं, तर बाकीचे लेखक माझ्याकडे नुसते दुजोरा द्यायला आले असते.

मी तक्ता केला. उभ्या रकान्यांत लेखक आणि लेखनाचं वर्ष, आडव्या ओळींत माझे प्रश्न. "मालकांना तडजोडीची घाई का नव्हती?" या ओळीत कायदेवाल्यांनी युनियनची मान्यता सांगितली, यंत्रमागांवर लिहिणाऱ्यांनी भिवंडी दाखवली (कापड तिथे तयार होतच होतं), आणि तिसऱ्या गटाने गिरण्यांच्या जमिनीकडे बोट दाखवलं. मग रकान्यांवरच्या वर्षांकडे लक्ष गेलं. जमिनीवर जोर देणारं माझ्याकडचं लेखन १९९१ नंतरचं होतं, म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केल्यानंतरचं. त्यावरून माझा परिच्छेद असा झाला: कायद्यामुळे मालकांना बोलणं टाळता आलं, यंत्रमागांमुळे ते टाळणं परवडलं, जमिनीचा हेतू १९८२ मध्येच होता की पुढचं पाहून तो मागे लावला गेला, हे तपासायला हवं. हा प्रश्न त्या प्रबंधात नव्हता, एकट्या कुठल्याच लेखकाकडे नव्हता.

बाईंचं म्हणणं, "इतकं कोण वाचतं?" मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तुमचा मसुदा तपासायचा तर त्यातली लेखकांची नावं क्रमाने कागदावर उतरवा, शेजारी त्या प्रबंधातली उतरवा. सलग पाच-सहा नावं जुळली, किंवा तुमचे संदर्भ त्या प्रबंधाच्या वर्षाशीच थांबले, तर आढावा तुमचा नाही. निव्वळ कालक्रमाने लिहिलेल्या भागात थोडं जुळणारच, ते सोडा. प्रबंधाची संदर्भसूची मात्र जरूर वापरा, फक्त प्रत्येक मूळ लेख स्वतः उघडा. आणि गाईड "साच्यात बसव" म्हणाले, तर वाद घालत बसू नका, भरलेला तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवा.