रात्री दहाला संपणारा व्यायाम आणि पहाटेपर्यंत न उतरणारे ठोके

"मॅडम, ज्या रात्री जिममध्ये जोर लावतो, त्या रात्री घड्याळ झोपेतले ठोके सरासरी ६६-६७ दाखवतं. एरवी ५६-५७ असतात. सकाळी अंग आंबलेलं असतं, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागते. हृदयाला काही झालंय का? रात्रीचा व्यायाम सोडून देऊ का? मला दुसरी वेळच नाही."

हे गृहस्थ पस्तिशीचे, राहायला मुलुंडला, नोकरी लोअर परळला. जानेवारीतल्या अर्ध मॅरेथॉनची तयारी करत होते. आधी मी त्यांना छातीत दुखणं, चक्कर, अचानक धडधड, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम असं काही होतं का ते विचारलं. यातलं काही नव्हतं, आणि फॅमिली डॉक्टरांनी काढलेला ईसीजी व रक्तदाब दोन्ही ठीक होते. मंगळवार आणि गुरुवार हे त्यांचे जोराच्या व्यायामाचे दिवस. मग मी त्यांचा मंगळवार तासातासाने लिहून घेतला.

साडेसातला ऑफिसमधून निघायचं, दादरला गाडी बदलायची, पावणेनऊला घर. नऊला प्री-वर्कआउट पावडर. सव्वानऊ ते सव्वादहा ट्रेडमिलवर वेगाचे टप्पे: तीन मिनिटं जीव खाऊन पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा तेच. अकराला पोटभर जेवण. सव्वाबाराला झोप, पावणेसहाला गजर.

त्यांना सर्वांत जास्त कोड्यात टाकत होतं ते असं की, व्यायाम संपल्यावर दहा मिनिटांत ठोके चांगले उतरायचे, मग रात्री काय होतं? ठोके उतरतात ते दोन वेगवेगळ्या गतींनी. १७० वरून १०० च्या आसपास यायला काही मिनिटं पुरतात. शेवटचे दहा-पंधरा ठोके उतरायला मात्र काही तास लागू शकतात. शरीर अजून तापलेलं असतं, ती उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जास्त रक्त धाडावं लागतं. घामामुळे रक्तातलं पाणी घटलेलं असतं, त्यामुळे तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा आकुंचन पावावं लागतं. अ‍ॅड्रिनलिनचा जोर हळूहळू ओसरतो आणि शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था सावकाश पकड घेते. व्यायाम जितका जोराचा, तितका हा उतार लांबतो. त्यात झोप लागायला शरीराचं आतलं तापमान खाली यावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण ते वर नेऊन ठेवलेलं असतं.

मी त्यांना सरासरी आकडा बाजूला ठेवून घड्याळाच्या ॲपमधला रात्रभराचा आलेख उघडायला सांगितला. रविवारी, म्हणजे लांब पळणं सकाळीच उरकलेलं असे त्या दिवशी, रेघ झोपल्यावर लवकर खाली येऊन दोनच्या सुमाराला तळाला टेकत होती आणि पहाटेपर्यंत तिथेच रेंगाळत होती. मंगळवारी ती ७५ ला सुरू होऊन घसरगुंडीसारखी उतरत राहायची आणि तळाला पोचायची साडेचारला. पुढे सव्वा तासात गजर. झोपेचे तास तेवढेच दिसत असले, तरी हृदय खऱ्या अर्थाने निवांत असण्याचा वेळ त्या रात्री फार थोडा उरत होता. हृदयाला काही इजा झाल्याचं यात दिसत नव्हतं, कारण सोप्या दिवसांच्या रात्री रेघ पूर्वीइतकीच खाली जात होती. सकाळच्या आंबलेपणाचं उत्तर मात्र याच उशिरा सापडणाऱ्या तळात होतं.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये असाच, मनगटी पट्ट्याच्या नोंदींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम झोपेच्या चार तास किंवा त्याहून आधी संपला, तर तो कितीही जोराचा असला तरी झोपेशी त्याचा वाईट संबंध दिसला नाही. चार तासांच्या आत संपला, तर व्यायाम जितका कठीण, तितकी झोप उशिरा आणि कमी, आणि रात्रीचे ठोके जास्त. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यामुळे चार तास ही काही प्रत्येकासाठी आखलेली लक्ष्मणरेषा नाही. काहींना अडीच तास पुरतात. म्हणूनच मी स्वतःचा आलेख बघायला लावते.

मुंबईत राहणाऱ्याला 'पहाटे व्यायाम करा' सांगणं सोपं असतं. पण सव्वाबाराला झोपणाऱ्याने साडेचारला उठून पळायचं, तर झोपेतूनच तास कापला जातो. तो उपाय मी सुचवला नाही.

सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने फरक पडला ते कळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त पावडर बंद केली. तिच्या एका मापात २०० मिलिग्रॅम कॅफीन होतं. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दोनलाही जवळपास अर्धं अंगात. सरासरी दोनेक ठोक्यांनी उतरली. दुसऱ्या आठवड्यात जेवण दोन भागांत केलं: साडेपाचला ऑफिसमध्येच डब्यातली पोळी-उसळ, व्यायामानंतर थोडी मुगाची खिचडी आणि ताक. आणखी थोडा फरक पडला, पण तळ अजून पहाटेच.

तिसऱ्या आठवड्यात वेळ हलवली. त्यांच्या ऑफिसच्या इमारतीतच छोटी जिम होती, ती त्यांनी कधी वापरली नव्हती. मंगळवारी पावणेसातला जरा लवकर काम आवरून वेगाचे टप्पे तिथेच, पावणेआठला समाप्त, दहा मिनिटं चालून श्वास खाली आणायचा, अंघोळ, आणि मग ट्रेन. ऐन गर्दी थोडी ओसरलेली असल्यामुळे प्रवासही सुसह्य झाला. व्यायाम आणि झोप यांत आता चार तासांहून जास्त अंतर होतं. मंगळवारची सरासरी ५९ वर आली आणि तळ अडीच-तीनच्या दरम्यान. एवढा फरक जोराच्या व्यायामानंतर राहणारच, तो पुसायच्या मागे लागू नये.

गुरुवारी ऑफिसमधून लवकर सुटणं शक्यच नव्हतं. तो दिवस रात्री घराजवळच्याच जिममध्ये ठेवला, पण काम बदललं: हळू पळणं किंवा हलकी वजनं, पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतक्याच जोराने. झोपेच्या आधीच्या तासात फक्त चालणं किंवा स्ट्रेचिंग. दुसरं जोराचं सत्र रविवारी सकाळच्या लांब पळण्यातच मिसळून टाकलं.

आकडे वाचताना दोन गोष्टी मी त्यांना बजावल्या. मनगटावरच्या घड्याळाचा आकडा स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी ताडायचा, मित्राच्या नव्हे. आणि ठोके वाढायला इतरही कारणं असतात: मे महिन्यातली पंखा पुरेनाशी दमट रात्र, दारू, स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीचे दिवस. पावसाळ्यात, जोराचा व्यायाम न करताही दोन रात्री ठोके सात-आठने वर राहिले, तर ती येऊ घातलेल्या तापाची चाहूल असू शकते. तेव्हा व्यायाम थांबवायचा आणि तापमान बघायचं. व्यायाम पूर्ण थांबवून आठवडा झाला तरी रेघ खाली येत नसेल, निवांत बसलेलं असताना ठोके वारंवार १०० च्या वर जात असतील, किंवा मी सुरुवातीला विचारलेल्या लक्षणांपैकी एक जरी दिसलं, तर वेळापत्रकाशी खेळत बसू नये. तिथून पुढचं काम डॉक्टरांचं.