वधू-वर मेळावा, नऊची वेळ आणि सरकलेली यादी

प्रश्न: कार्यक्रमाला तासभर उरलेला असताना नोंदणीची यादीच चुकली आहे, असं कधी तुमच्या लक्षात आलं आहे का? मग काय केलंत?

हो, एका वधू-वर मेळाव्यात. समाजाच्या मंडळाने सभागृह घेतलं होतं आणि नोंदणी, बसण्याची व्यवस्था, व्यासपीठ असं सगळं समन्वयाचं काम माझ्याकडे होतं. मेळावा दहाला सुरू होणार होता. आदल्या रात्री बिल्ल्यांना दोऱ्या ओवून दीड वाजता घरी गेले आणि सकाळी सहाला पुन्हा हॉलवर. घसा बसलेला, पाय सुजलेले. या कामातल्यांना हे नवीन नाही.

नऊला दार उघडलं. नोंदणीच्या टेबलावर नाव सांगायचं, मोबाइलचे शेवटचे चार आकडे सांगायचे, यादीत खूण झाली की बिल्ला घ्यायचा, अशी पद्धत ठरली होती. रांगेत सगळ्यात पुढे एक आई आणि तिची मुलगी. कॉलेजात शिकणारा एक कार्यकर्ता टेबलावर होता. आकडे जुळले नाहीत तेव्हा त्याला वाटलं, वडिलांचा नंबर दिला असेल. मग त्याची नजर त्याच ओळीत पुढे गेली. मुलीच्या नावासमोर ‘घटस्फोटित’ लिहिलेलं होतं. तो एक शब्दही बोलला नाही. कागद उलटा करून थेट माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “ताई, हे जरा बघा ना.” त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं. तीच ओळ त्याने मोठ्याने वाचून खात्री करून घेतली असती, तर त्या दोघींचा दिवस तिथेच संपला असता.

मी बुकलेट उघडलं. मेळाव्याच्या आठवडाभर आधी आम्ही परिचय पुस्तिका छापतो, तिला सगळे बुकलेटच म्हणतात. त्यात ती मुलगी प्रथमवधू होती, जन्मतारीखही वेगळी. यादीतली आणखी चार नावं बुकलेटशी ताडून पाहिली. चौघांचेही क्रमांक, नाव, गाव बरोबर; मोबाइल, जन्मतारीख, शिक्षण, वैवाहिक स्थिती मात्र दुसऱ्याच कुणाची. म्हणजे यादीचा डावा भाग खरा होता आणि उजवा भाग सरकलेला.

मला तेव्हा हवं होतं तेवढं यातच मिळालं. यादी चुकली म्हटलं की माणूस पूर्ण यादीवरच फुली मारतो आणि रांग थांबवतो. पण टेबलावरच्या माणसाला बिल्ला द्यायला काय लागतं? क्रमांक आणि नाव. ते दोन्ही शाबूत होते. छापील पानांवर गावाच्या पुढे हजेरीच्या खुणेसाठी एक कोरा रकाना सोडलेला होता. चारही टेबलांवर जाऊन मी प्रत्येक पान त्या रकान्याच्या उजव्या कडेवर मागे दुमडायला लावलं. चुकीची माहिती कागदाच्या मागे गेली आणि समोर फक्त क्रमांक, नाव, गाव आणि खुणेची जागा राहिली. मोबाइलऐवजी पैसे भरल्याची पावती बघायची. पावती नसेल त्याने बुकलेटमधली स्वतःची जन्मतारीख सांगायची. रांग पाच-सात मिनिटं खोळंबली असेल, मग चालू झाली.

खरी धास्ती व्यासपीठाची होती. आमच्याकडे उमेदवार पुढे येतो आणि सूत्रसंचालक त्याचा परिचय वाचतात: नाव, शिक्षण, नोकरी, उंची, प्रथम की पुनर्विवाह. हा परिचय त्याच फाइलमधून छापलेल्या कागदांवर होता. हॉलमध्ये दोन्हीकडची घरं बसलेली असतात. तिथे एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर वाचली गेली, तर नंतर माइकवरून दिलगिरी व्यक्त करून ते पुसलं जात नाही. लोकांच्या लक्षात पहिलं वाक्यच राहतं.

हे झालं कसं, ते लॅपटॉप उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं. छपाईसाठी एक्सेलची फाइल तयार करताना आदल्या दिवशी कुणीतरी तो हजेरीचा रकाना मध्ये घातला होता. पूर्ण कोरा, वर मथळासुद्धा नाही. मग आडनावाप्रमाणे यादी लावायची म्हणून नावाच्या कॉलममध्ये एका खणावर क्लिक करून सॉर्ट केलं. एक्सेल अशा वेळी सलग भरलेला भाग स्वतःच ओळखतं आणि तेवढाच हलवतं. पूर्ण रिकामा कॉलम लागला की त्याच्या लेखी तक्ता तिथे संपला. त्यामुळे डावीकडचे कॉलम आडनावाप्रमाणे लागले आणि उजवीकडचे जागच्या जागी नोंदणीच्या क्रमाने राहिले. एकच कॉलम निवडून सॉर्ट केलं तर एक्सेल निदान विचारतं की बाजूचा मजकूरही घ्यायचा का. इथे ते काहीच विचारत नाही. ओळींची संख्या तीच राहते, एकही खण रिकामा दिसत नाही, आणि पडद्यावर यादी अगदी नीटनेटकी दिसते.

लॅपटॉपवर बसलेला कार्यकर्ता हुशार होता. तो म्हणाला, “ताई, सोपं आहे. डावा भाग परत नोंदणी क्रमांकाप्रमाणे लावला की दोन्ही बाजू जुळतील.” बरोबरच होतं ते. त्याने लावलं, पहिली दहा नावं बुकलेटशी जुळली, शेवटची दहा हाताने भरलेल्या अर्जांशी जुळली. “छापू का?” म्हणून त्याने विचारलं. साडेनऊ होऊन गेले होते आणि हो म्हणायचा मोह मलाही झाला. पण मधली काही नावं बघितल्याशिवाय मी छापायला देत नाही. 150 वा क्रमांक काढला. तो एका मुलाचा होता, आणि त्याच्या समोर ‘बी. ए., गृहविज्ञान’ आणि एका मुलीची जन्मतारीख.

सॉर्ट झाल्यानंतर तीन जणांची नोंदणी रद्द झाली होती आणि त्यांच्या पूर्ण ओळी उडवल्या होत्या. पण तेव्हा उजवी बाजू आधीच सरकलेली. म्हणजे नावं गेली रद्द झालेल्या तिघांची आणि माहिती गेली भलत्याच तिघांची. डावीकडून 58, 140 आणि 212 गेले. उजवीकडून 31, 175 आणि 260 यांची माहिती गेली. दोन्हीकडून तीन-तीनच गेल्यामुळे बेरीज जुळत होती. क्रमाने लावल्यावर 30 पर्यंत सगळं बरोबर, 31 पासून 57 पर्यंत एका ओळीने चूक, मग पुन्हा बरोबर, 141 ते 175 चूक, पुन्हा बरोबर, 213 ते 260 चूक, आणि 261 पासून शेवटपर्यंत बरोबर. वरून आणि खालून तपासणाऱ्याला यातलं काहीही दिसणार नाही. आणि ज्या तिघांची माहिती उडाली होती, ती त्या फाइलमध्ये आता कुठेच नव्हती. कितीही वेळा सॉर्ट केलं तरी ती परत येणार नव्हती.

तिथे मी लॅपटॉप बंद करायला सांगितला. तो पोरगा थोडा नाराज झाला, त्याला अजून दहा मिनिटं हवी होती. पण अर्धवट झोप झालेली चार माणसं घाईत जी दुरुस्ती करतात, ती तपासायला त्यांच्याकडेच वेळ उरत नाही. आणि आमच्याजवळ छापलेलं, आधी तपासलेलं, प्रत्येक घराने स्वतःची माहिती वाचून होकार दिलेलं बुकलेट होतं. व्यासपीठावर तेच न्यायचं ठरवलं. रद्द झालेल्या तीन क्रमांकांवर लाल पेनाने फुल्या मारल्या. बुकलेट छापायला गेल्यानंतर आलेल्या तीसेक जणांचे हाताने भरलेले अर्ज एका फाइलमध्ये होते. ते क्रमांकाने लावून फाइल सूत्रसंचालक काकांच्या हातात दिली आणि सांगितलं, “काका, 340 पर्यंत बुकलेट, पुढे ही फाइल. लॅपटॉपवरून आलेला एकही कागद वाचायचा नाही.” आणखी एक गोष्ट केली. पायऱ्यांशी एका ताईंना उभं केलं. पुढचा उमेदवार वर जाण्याआधी त्या त्याला बुकलेटमधलं त्याचं पान किंवा फाइलमधला अर्ज दाखवायच्या आणि विचारायच्या, “हे तुमचंच ना?” त्याने मान डोलावली की मगच वर.

दहा वाजून वीस मिनिटांनी दीपप्रज्वलन झालं. उशीर झाला, पण आमच्याकडे तेवढा तसाही होतो. परिचय दुपारी दोनपर्यंत चालले.

मेळाव्यानंतर घरोघरी जाणारी संपर्क यादी मात्र मी दोन दिवस थांबवली. त्यावरून मंडळात थोडी कुरकुर झाली, कारण लोकांना त्याच संध्याकाळी फोन करायचे असतात. पण मुलीचा नंबर चुकीच्या नावाखाली गेला, की तिला अशा घरांचे फोन येत राहतात ज्यांच्याशी तिचा काही संबंध नाही, आणि ते थांबवणं कुणाच्या हातात नसतं. ती यादी आम्ही बिघडलेल्या फाइलवरून केलीच नाही. ऑनलाइन अर्जांची मूळ उत्तरं जिथे जमा होतात त्या शीटला कुणी हात लावलेला नव्हता, आणि तिथेच प्रत्येक ओळीला नोंदणी क्रमांक दिलेला होता. ती नव्याने उतरवून घेतली, हाताने भरलेले अर्ज खाली जोडले, रद्द झालेले क्रमांक न उडवता त्यांच्यासमोर ‘रद्द’ लिहिलं. मग एकाने कागदावरून वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं, असं प्रत्येक पानावरची तीन नावं ताडली: वरचं, मधलं आणि खालचं.

तुमच्याकडे अशीच यादी असेल तर खुणेच्या कोऱ्या रकान्याला ‘हजर’ असा मथळा द्या. वरच्या खणात एक शब्द असला तरी एक्सेल तो कॉलम तक्त्यातलाच धरतं आणि सॉर्ट करताना सगळी ओळ एकत्र हलते. `Ctrl+A` दाबून सगळं निवडल्याचं समाधान मानू नका. तक्त्यात एका खणावर असताना तेही पहिल्यांदा रिकाम्या कॉलमपाशीच थांबतं. `Ctrl+T` दाबून तक्ता करून घेतलात तर त्याची कड कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. मध्ये कोरा कॉलम असेल तर ती कड हाताने पुढे ओढून घ्यायची. आणि सॉर्ट झाल्यावर, छापायच्या आधी, मधली दोन-तीन नावं मूळ अर्जाशी जुळवून बघा. जुळवताना ओळीचं एक टोक, म्हणजे नाव, आणि दुसरं टोक, म्हणजे शिक्षण किंवा जन्मतारीख, दोन्ही बघा.