ओघवती भाषा, तरी नापास?

प्रश्न : सर, मी इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. एका अनुवाद संस्थेने औषध-चाचणीच्या संमतीपत्रातला ३०० शब्दांचा उतारा मराठीत करायला दिला. ‘भाषा ओघवती’ असा शेरा मिळाला, तरी नापास केलं. शेऱ्याखाली ‘अचूकता : १ गंभीर चूक, शंका नोंदवलेली नाही’ एवढंच आहे. एक-दोन ठिकाणी शंका होती, पण विचारलं तर कच्ची समजतील असं वाटलं. हे गुण देतात तरी कसे?

उत्तर : शाळेत निबंधाला देतात तसे गुण इथे देत नाहीत, कापतात. तपासणारा प्रत्येक चूक कोणत्या जातीची आणि किती जड, हे ठरवतो. अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशनच्या परीक्षेत चुकीच्या वजनाप्रमाणे १, २, ४, ८ किंवा १६ दंडगुण लागतात आणि बेरीज १८ झाली की उमेदवार नापास. म्हणजे १६ ची एक चूक आणि जोडीला किरकोळ दोन, की संपलं. आपल्याकडच्या संस्थांचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब बहुधा याच धर्तीचा असतो. काही ठिकाणी तर एक गंभीर चूक सापडली की बेरीज करतच नाहीत.

गंभीर म्हणजे काय? संमतीपत्रांत हमखास येणारं वाक्य घे : ‘डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.’ इंग्रजीतल्या ‘अनलेस’वर घाईत नजर घसरली की त्याचं ‘डॉक्टरांनी सांगितल्यास गोळ्या बंद करू नका’ होतं. व्याकरण शुद्ध, वाचायला गुळगुळीत, आणि अर्थ नेमका उलटा. हे वाचून रुग्ण डॉक्टरांचं ऐकणार नाही, म्हणून वजन सर्वांत जास्त. ‘गोळ्या’ची ‘गोळया’ झाली तर एकच गुण जातो. चूक दिसते केवढी, यापेक्षा ती वाचून माणूस काय करेल हे पाहतात. गाळलेलं वाक्य आणि पदरचं घातलेलं स्पष्टीकरण, दोन्ही याच खात्यात जमा होतात.

ओघ तपासताना चांगला परीक्षक मूळ उतारा बाजूला ठेवून आधी फक्त मराठी वाचतो. ‘तुमच्याद्वारे हे पत्र वाचले गेल्यानंतर स्वाक्षरी केली जाणे आवश्यक आहे’ इथे तो अडखळतो, ‘हे पत्र वाचून झाल्यावर सही करा’ इथे नाही. संमतीपत्र कमी शिकलेल्या माणसालाही समजावं लागतं, त्यामुळे या कागदात क्लिष्टपणाचा दंड ललित मजकुरापेक्षा मोठा. तू इथे तरलीस, पण ओघाचे वाचलेले गुण अचूकतेचा खड्डा भरत नाहीत. ओघवत्या भाषेत लपलेली चूक मला तर जास्त धोक्याची वाटते, कारण ती वाचताना कोणी थांबत नाही.

आता शंकेचं. अनुवादाच्या चाचणीतल्या उताऱ्यात एखादी संदिग्ध जागा बऱ्याचदा मुद्दामच ठेवतात. समज, रुग्णाने ‘बायवीकली’ तपासणीला यावं असं लिहिलंय. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांनी एकदा? इंग्रजीत दोन्ही अर्थ चालतात. एकाने गुपचूप ‘आठवड्यातून दोनदा’ लिहिलं, दुसऱ्याने ‘बायवीकली’च देवनागरीत उतरवलं. दोघांचेही गुण गेले. तिसरीने उताऱ्यातला भेटींचा तक्ता पाहिला. त्यात भेटी १, १५ आणि २९ व्या दिवशी होत्या. तिने ‘दर दोन आठवड्यांनी’ लिहिलं आणि सोबत टीप दिली : ‘परिच्छेद ३ : मूळ शब्दाचे दोन अर्थ होतात, आठवड्यातून दोनदा किंवा दर दोन आठवड्यांनी. तक्त्यातल्या दिवसांवरून दुसरा घेतला आहे. तो चुकीचा असल्यास भेटींची संख्या बदलेल, कृपया खात्री करावी.’ जागा, दोन्ही अर्थ, निवड, कारण आणि परिणाम, सगळं चार ओळींत. असली टीप असली की शंकांच्या रकान्यात एकही गुण कापला जात नाही. तक्ता नसता, तर एक अर्थ घेऊन तशीच टीप द्यायची. तेव्हा अर्थ चुकला तरी दंड हलका होतो, कारण प्रकल्प सांभाळणाऱ्याला कुठे बघायचं ते कळलेलं असतं.

मात्र शब्दकोशात मिळेल त्याच्या टिपा लिहू नकोस. पानभर शंका पाठवणाऱ्याचेही या रकान्यात गुण जातात, आणि ते योग्यच आहे.

संस्थेला दोन ओळींचं पत्र लिही : गंभीर चूक कोणत्या वाक्यात होती, आणि पुन्हा चाचणी देता येते का? पुष्कळ संस्था काही महिन्यांनी देऊ देतात. पुढच्या वेळी पाठवण्याआधी एक फेरी फक्त आकडे, मात्रा, नकार आणि ‘शिवाय’, ‘तोपर्यंत’, ‘किमान’ असले शब्द मुळाशी ताडून पाहण्यासाठी ठेव. आणि कोणी चाचणी म्हणून दोन हजार शब्द फुकट मागितले, तर आधी मोबदल्याचं विचार; अनुवाद जोखायला तीनशे शब्द पुरतात.