महिने मोजताना एकाचा फरक का येतो?

वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली तीच शंका पुन्हा पुन्हा येते, म्हणून काही निवडक प्रश्नांना एकत्रच उत्तरं देत आहे.

ऑगस्ट 2019 ते मार्च 2023 किती महिने, हे तोंडी कसं काढायचं?

आधी वर्षांची वजाबाकी: 2023 मधून 2019 गेले, राहिले 4. बारा चोक अठ्ठेचाळीस. आता महिन्यांचे क्रमांक घ्या. मार्च तिसरा, ऑगस्ट आठवा, म्हणजे शेवटचा महिना पाचाने मागे आहे. अठ्ठेचाळिसातून पाच गेले, उरले 43. घोळ नेमका इथे होतो: तिनातून आठ जात नाहीत म्हणून लोक आठातून तीन वजा करतात आणि वर ते पाच मिळवून 53 सांगतात. शेवटच्या महिन्याचा क्रमांक लहान असेल तर फरक वजाच होतो, मिळवायचा नाही. पडताळा हवा असेल तर ऑगस्ट 2019 ते ऑगस्ट 2022 ही तीन वर्षं, 36 महिने. पुढे सप्टेंबरपासून मार्चपर्यंत बोटं मोजा, सात. 43.

मधे लीप वर्ष आलं तर काही वाढवायचं का?

नाही. फेब्रुवारी 28 दिवसांचा असो की 29, महिना एकच.

मला 43 आले, भावाला 44. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. तुम्ही ऑगस्टवरून मार्चवर जायला किती उड्या लागतात ते मोजलंत. भावाने पहिलं बोट ऑगस्टवरच ठेवलं आणि मार्चलाही धरलं. वजाबाकीत पहिला महिना कधीच येत नाही. दोन्ही टोकं धरायची असतील तर शेवटी एक मिळवायचा, आणि दोन्ही सोडून फक्त मधले महिने हवे असतील तर एक वजा करायचा. म्हणजे 43, 44 आणि 42 ही तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. प्रश्न काय होता त्यावर ते ठरतं.

'किती महिन्यांनी' विचारलं असेल तर उड्या मोजा: 43. 'किती महिन्यांचं' भाडं, वर्गणी किंवा पगार असं विचारलं असेल, आणि पहिल्या व शेवटच्या महिन्याचेही पैसे असतील, तर 44. 'आमच्याकडे नेहमी एक मिळवतात' हे ऐकीव शास्त्र कृपा करून सोडा. आणखी एक खूण लक्षात ठेवा: शेवटचा महिना सुरुवातीच्या महिन्याच्या बरोबर आधीचा असेल, तर दोन्ही टोकं धरून पूर्ण वर्षंच येतात. एप्रिल 2021 ते मार्च 2024 म्हणजे 36. तिथे 35 किंवा 37 आले, तर टोक धरण्यात गडबड आहे.

'जानेवारी 2024 ते जानेवारी 2025, फक्त एक वर्ष हप्ते' असं पत्रकात आहे. हप्ते 12च ना?

तेरा. जानेवारी दोनदा आला. तोच महिना दोन्हीकडे छापून 'एक वर्ष' म्हणणं ही जुनी चलाखी आहे. सही करण्याआधी हप्त्यांची संख्या आकड्यात लिहून मागा.

दिवस मोजून 30 ने भागलं तर सोपं नाही का?

सोपं आहे, पण चुकीचं. 1 ऑगस्ट 2019 ते 1 मार्च 2023 हे 1308 दिवस होतात. तीसने भागले की 43.6, आणि पूर्णांकात आणताना लोक 44 करतात. तीसचे बारा महिने म्हणजे 360 दिवस. दर वर्षी पाच-सहा दिवस उरतात आणि सहा वर्षांत त्यांचा एक खोटा महिना तयार होतो.

दोन नोकऱ्या: जानेवारी 2020 ते जून 2021, मग जून 2021 ते फेब्रुवारी 2023. दोन्ही टोकं धरून 18 आणि 21, एकूण 39 महिने अनुभव लिहू का?

लिहू नका. जून 2021 दोन्हीकडे मोजला गेलाय. सलग मोजून बघा: तीन वर्षांचे 36, जानेवारी ते फेब्रुवारी एक, दोन्ही टोकांसाठी आणखी एक, म्हणजे 38. टोक जुळत असेल तिथे बेरजेतून एक काढायचा. याउलट दोन्ही तुकडे नुसत्या वजाबाकीने काढले तर 17 आणि 20, म्हणजे 37; सुरुवातीचा जानेवारीच गळाला.

पण 38 हीसुद्धा वरची मर्यादा आहे. नुसता महिना आणि वर्ष लिहिलं की तारीख हरवते. पहिली नोकरी 31 जानेवारीला लागली असेल आणि दुसरी 1 फेब्रुवारीला सुटली असेल, तर मधे खंड नसतानाही पूर्ण महिने 36च भरतात. '37 महिने अनुभव हवा' अशी अट असेल तर एवढ्यावर अर्ज अडू शकतो. नेमणूकपत्र आणि कार्यमुक्तीपत्र यांवरच्या तारखा काढा, आणि अर्ज जिथे द्यायचा तिथे अर्धवट महिने कसे धरतात हे मुदत संपण्याआधी विचारून घ्या. शेवटच्या दिवशी विचारून उपयोग नाही.