पाडव्याचा शुभेच्छासंदेश लिहिताना

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोसायटीच्या सूचनाफलकासाठी लिहिलेला चैत्र पाडव्याचा मसुदा वाचला. ‘सर्वधर्मीय बांधवांना नववर्षाच्या मंगलमय शुभेच्छा’ हे वाक्य दिवाळीच्या पाडव्यालाही चालेल आणि एक जानेवारीलाही; म्हणजेच ते चैत्र पाडव्याचे नाही. सर्वांना सामावून घ्यायचे म्हणून सगळ्यांचे वेगळेपण पुसून टाकले, की असेच होते.

आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड आणि सिंधी कुटुंबे आहेत, त्यांच्या घरी त्या दिवशी काय घडते, तिथून सुरुवात कर. गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधतात आणि त्याची कोवळी पाने गूळ, जिरे, ओवा घालून खातात. तेलुगू घरांतल्या उगादीच्या पच्चडीत कडुनिंबाचा मोहोर असतो, सोबत नवा गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट. कन्नड घरांत कडुनिंब आणि गूळ यांचेच ‘बेवू-बेल्ल’ वाटतात. तिन्ही घरांत सापडणारा हा कडुनिंब हाच तुझ्या संदेशाचा धागा. मग मजकूर साधारण असा होईल: ‘आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. कुणाच्या गुढीवर कडुनिंबाची डहाळी आहे, कुणाच्या पच्चडीत त्याचा मोहोर, तर कुणाच्या तळहातावर बेवू-बेल्ल. गुढीपाडव्याच्या आणि उगादीच्या शुभेच्छा!’

चेटीचंड मात्र या वाक्यात कोंबू नकोस. ‘सिंधी लोकांचा पाडवा’ असे त्याचे वर्णन आपण सर्रास करतो, पण तो त्यांचे आराध्य दैवत झुलेलाल यांचा जन्मोत्सव आहे. बहिराणा साहिबची, म्हणजे झुलेलालांच्या ज्योतीच्या तबकाची, मिरवणूक आणि गोड भाताची ताहिरी ही त्याची ओळख. शिवाय तो चंद्रदर्शनाशी जोडलेला असल्याने कधी पाडव्याच्याच दिवशी, तर बहुधा दुसऱ्या दिवशी येतो. त्या वर्षीचे पंचांग पाहून दुसऱ्या दिवशी स्वतंत्र संदेश लावणे योग्य. दोन्ही एकाच दिवशी आले, तर त्याच फलकावर त्याचा वेगळा परिच्छेद असावा.

यादी लांबवण्याचा मोह आवर. तमिळ पुत्तांडू आणि मल्याळी विशू एप्रिलच्या मध्यास येतात. त्या शेजाऱ्यांना पाडव्याला त्यांच्या नववर्षाच्या शुभेच्छा दिल्यास त्यांना आपुलकीपेक्षा आपले अज्ञानच दिसेल.

तेलुगू किंवा कन्नड शुभेच्छा देवनागरीत लिहायची असेल, तर त्या घरातल्या कुणाकडून आधी वाचून घे. आंतरजालावरून उचललेल्या ओळीतली चूक आपल्याला कळत नाही, त्यांना लगेच कळते. छायाचित्र एकच आणि शक्यतो आपल्याच आवारातले असावे. गुढीभोवती चारही समाजांची चिन्हे चिकटवलेले चित्र सरकारी जाहिरातीसारखे दिसते (आणि सोसायटीच्या चिटणीसांना नेमके तेच आवडते, हे मला ठाऊक आहे). त्यापेक्षा गेटजवळच्या कडुनिंबाचा मोहोरलेला शेंडा टिप. चैत्रात तो फुललेला असतोच.

सुधारलेला मसुदा दोन दिवस आधी पाठव, म्हणजे तिन्ही घरांत दाखवायला वेळ मिळेल.

तुझा,
काका